बनाबाईंच्या म्हशीचा पान्हा

आमच्या दूध संकलन केंद्रावर सकाळी पहिली किटली बहुतेक वेळा बनाबाईंची असते. तेर गावाच्या अलीकडच्या वस्तीत त्या एकट्या राहतात. मुलगा राजपाल पुण्यात नोकरीला आहे. तो फोनवर म्हणतो, "आई, आता इकडंच ये." बनाबाईंचं उत्तर ठरलेलं, "तिथं मी काय करू? लिफ्टीत बसून वर-खाली करू?"

पण गेल्या वर्षी जुनी म्हैस आटली आणि राजपालनं अट घातली. आता घेशील ती शेवटची म्हैस. ती लाभली नाही तर पुण्याला यायचं. बनाबाईंनी मान्य केलं.

बाजारात धार काढून पाहिल्याशिवाय म्हैस घेत नाहीत. बनाबाई स्वतः कासेला बसल्या. रेडकू मेलंय, हे मालकानं आधीच सांगितलं होतं. तो मागं उभा राहून म्हशीच्या पुठ्ठ्यावर थाप देत होता. थोड्याच वेळात बादली भरली आणि सौदा झाला. घरी आणल्यावर कास ताठ, पण चारी सडांतून दूध निघालं वाटीभर.

दीर पिराजी बघायला आले आणि हसले.

"वैनी, तुमी बसलाव कासेला आन् त्यानं मागून सुई मारली. हिला विंजेक्शनची सवय हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून एक बाटली काढली. तिच्यावर ना नाव, ना तारीख. "रोज एवढंसं द्या. घटकेत पान्हवती."

बनाबाईंनी बाटली हातात घेतली नाही. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टर श्रावस्तींना बोलावलं. केंद्रावरून त्यांना मीच घेऊन गेलो. वाटेत मी विचारलं, या इंजेक्शनाच्या दुधानं मुली लवकर वयात येतात म्हणे, खरं का?

"तसा भक्कम पुरावा नाही," त्या म्हणाल्या. "त्या सुईत असतं ते ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच टिकतं, आणि दुधात उतरलंच तरी आपल्या पोटात त्याचं पचन होतं. त्याच्या वापरावर बंधनं आहेत ती दुसऱ्याच कारणांनी."

ती कारणं त्यांनी गोठ्यात सांगितली. रेडकू ढुसण्या मारतं, कास धुतली जाते, तेव्हा म्हशीच्या मेंदूतून हेच द्रव्य सुटतं. ते दुधाच्या बारीक पिशव्या आवळतं आणि दूध खाली उतरतं. त्यालाच पान्हा म्हणायचं. घाबरलेली म्हैस तो रोखून धरते. "सुईनं दूध वाढत नाही, मावशी. आहे तेच उतरतं. पण रोज बाहेरून दिलं की तिचा स्वतःचा पान्हा मंदावतो. मग सुईशिवाय ती धार सोडत नाही. म्हणून दूध काढायला सुई टोचणं कायद्यानं गुन्हा आहे. हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळायला हवं. असल्या बिनलेबलच्या बाटलीत काय आहे, कुणी सांगावं?"

मग म्हशीची सवय सुटेपर्यंत कास तुंबू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या पेटीतलं औषध मोजून दिलं आणि रोज मात्रा कमी करत नेऊ असं सांगितलं.

"म्हंजी तुमची सुई चालती, आन् माझी न्हाय?" पिराजी म्हणाले.

"माझी सुई बंद होण्यासाठी आहे, काका."

बनाबाई पदरात तोंड लपवून हसल्या.

सुई कमी होत गेली तसं दूधही घटलं. राजपालचे फोन वाढले. तेव्हा पिराजींनी ईट गावच्या अयोध्याबाईंना म्हशीचं गिऱ्हाईक म्हणून आणलं. त्या अंगणात चहा पीत होत्या. गोठ्यात पिराजी कुजबुजले, "वैनी, एकच सुई. जशी घेतली तशी द्यायची. तुमी सुटल्या!"

"आन् ही बाई माझ्यावाणी वाटीभर दूध बघत बसंल?"

"त्ये तिचं नशीब."

बनाबाई बाहेर आल्या. "बाई, हिला सुईची सवय लावल्याली हाय. मोडतेय हळूहळू. आज वाटीभर दील. पटलं तर बघा."

अयोध्याबाईंनी कप खाली ठेवला. "बरं झालं बोललाव," म्हणत त्या उठल्या. पिराजी चार दिवस फिरकले नाहीत.

बनाबाईंनी मग सगळं एकाच रीतीनं करायचं ठरवलं. वेळ तीच, जागा तीच, हात त्यांचाच. गोठ्यात दुसऱ्या कुणाला येऊ द्यायचं नाही. पुढ्यात भिजवलेली पेंड, मग कोमट पाण्यानं कास धुवायची आणि सड चोळत गप्पा मारायच्या. मी एकदा कुंपणाबाहेरून ऐकलं. त्या म्हशीला राजपालच्या सोसायटीतली लिफ्ट समजावून सांगत होत्या.

औषध पूर्ण बंद झाल्यावरही काही दिवस तसेच गेले. मग एका सकाळी म्हशीनं पेंड खाता खाता कान सैल सोडले, सड फुगले आणि बादलीत जाड धार वाजली. पहिल्या मालकानं दाखवलं तेवढं दूध नव्हतं. निम्म्याहून थोडं जास्त होतं.

किटली घेऊन त्या केंद्रावर आल्या आणि तिथूनच राजपालला फोन लावायला सांगितला.

"म्हैस लाभली रं," त्या म्हणाल्या. "दिवाळीला तूच ये. पर गोठ्यात येऊ नगंस, बुजती ती."