राजुरा आणि लग्न यांच्यामधली मोकळी जागा

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. मी तेव्हा चंद्रपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शिकवायची. वार्षिक कार्यक्रमात प्रश्नमंजूषा आणि नाटक यांच्यामध्ये वीस मिनिटं रिकामी राहिली होती, म्हणून प्राचार्यांना माझी आठवण झाली. ओपन सोर्सवर काहीतरी बोला, म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. ज्या सॉफ्टवेअरचा कोड कुणीही वाचावा, बदलावा आणि तो बदल परत देऊन टाकावा, त्या जगाबद्दल मी स्टाफरूममध्ये इतकं बोलायची की चहा पिणारे कप घेऊन दुसऱ्या टेबलावर जायचे. आता पोरं हॉलमध्ये बसलेली असणार आणि त्यांना कुठे जाता येणार नव्हतं.

विषय मी छोटा ठेवला होता: पहिली दुरुस्ती कशी पाठवायची. उदाहरण मात्र मिळत नव्हतं. पुस्तकातलं उदाहरण सांगितलं की पोरांच्या डोळ्यांत झोप उतरते, हा अनुभव गाठीशी होता. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी लॅबमध्ये आली आणि तिनं ते आयतंच आणून दिलं.

तिच्या वडिलांचा गावात फोटो स्टुडिओ होता. नुकतेच ते डिजिटल कॅमेऱ्यावर आले होते. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून हिनं हट्टानं फुकटचं लिनक्स टाकलं होतं आणि एक फुकटची छोटी स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा प्रोग्राम, बसवली होती. ती एका फोल्डरमधले सगळे फोटो घेऊन त्यांच्या लहान प्रती करायची आणि एक पान तयार करायची. गिऱ्हाईक ते पान बघून कुठले फोटो छापायचे ते सांगायचं. काम झकास चालायचं, पण फोल्डरच्या नावात मोकळी जागा आली की स्क्रिप्ट अडायची.

आणि मोकळी जागा तर येणारच. तिचे वडील रोलच्या जमान्यापासून प्रत्येक पाकिटावर आधी गाव आणि मग कार्यक्रम लिहीत आले होते. राजुरा लग्न. एटापल्ली साखरपुडा. आमच्याकडे माणूस आधी गावानं ओळखला जातो आणि मग आडनावानं, त्यामुळे ही पद्धत अगदी शहाणपणाची होती. दोन शब्द चिकटवून लिहा असं मुलीनं सुचवलं, तर ते म्हणाले, मले वाचता तं आलं पाहिजे.

म्हणून तिनं स्क्रिप्ट उघडून स्वतःच दुरुस्त केली. फोल्डरचं नाव जिथे जिथे वापरलं होतं तिथे दुहेरी अवतरणचिन्हं घातली. दोन महिने सुरळीत गेले. मग संगणकाच्या मासिकासोबत लिनक्सच्या नव्या आवृत्तीची सीडी आली, ती तिनं हौसेनं बसवली, आणि जुन्या स्क्रिप्टच्या जागी नवी आली. दुरुस्ती गेली. नेमकं त्याच दिवशी राजुऱ्याहून लग्नाची पार्टी आली, आणि स्क्रीनवर एकही फोटो दिसेना. वडिलांनी निर्वाणीचं सांगितलं होतं की पुढच्या रविवारी एक ओळखीचा माणूस येईल आणि हे सगळं पुसून पूर्वीचं विंडोज टाकेल. त्या कॉम्प्युटरवरच ती सगळं शिकत होती, घरी दुसरा नव्हता. लॅबमध्ये तिनं हे एका दमात सांगितलं.

मी म्हटलं, दुरुस्ती तुझ्याकडे ठेवलीस तर प्रत्येक सीडीबरोबर ती पुसली जाणार. जिथून स्क्रिप्ट येते तिथेच ती पाठव, म्हणजे पुढची सीडी दुरुस्ती घेऊनच येईल. आपण उद्या सगळ्यांसमोर पाठवू. ती तयार झाली, पण स्टुडिओचं नाव सांगू नका म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल भरला. बाहेर ऊन आणि आत घरघरणारे पंखे. मी दोन पोरांना स्टेजवर बोलावलं. एकाला राजुरा केलं, दुसऱ्याला लग्न. दोघांच्या मध्ये जागा सोडली की कॉम्प्युटर त्यांना दोन वेगळे फोल्डर समजतो, राजुरा शोधायला जातो आणि तो काही सापडत नाही. मग दोघांच्या दोन बाजूंना आणखी दोन पोरं उभी केली, हात पसरून. ही अवतरणचिन्हं, आता आतलं सगळं एकच नाव. लग्न झालेला पोरगा इतका लाजला की हॉलनं त्याचं पुढची दोन वर्षं काय केलं असेल ते मी सांगत बसत नाही.

मग पडद्यावर एकेक पाऊल दाखवलं. ही स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांच्या प्रकल्पातून अगदी ताजा कोड उतरवला, कारण कुणीतरी आधीच दुरुस्ती केली असेल तर आपण उगाच मिरवायचं नाही. नव्हती केलेली. बदल केला. मोकळी जागा असलेल्या फोल्डरवर स्क्रिप्ट चालवली, नसलेल्यावरही चालवली, कारण एक बरं करताना दुसरं बिघडवलं तर शिव्या मिळतात. जुन्या आणि नव्या फाईलमधला फरक एका फाईलीत काढला. त्या फाईलीला पॅच म्हणतात. उणे चिन्हाच्या ओळी गेल्या, अधिक चिन्हाच्या ओळी आल्या, एवढंच त्यात दिसतं.

पत्राच्या वेळी खरी गंमत झाली. त्या प्रकल्पाची एक मेलिंग लिस्ट होती, म्हणजे एकानं पाठवलेली मेल सगळ्यांना जायची. मुलीनं तिथे नाव नोंदवून ठेवलं होतं आणि मसुदाही आणला होता. तो मी पडद्यावर उघडला. सुरुवात 'आदरणीय सर, सविनय विनंती अर्ज' अशी, इंग्रजीत. खाली वर्ग, रोल नंबर, आणि शेवटी 'विभागप्रमुखांमार्फत'. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी तसाच लिहिला असता. एकानं तर विचारलं की कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांची सही घेतली तर लवकर मंजूर होईल का. मी त्यांना सांगितलं की तिथे कुणी साहेब नाही. काय बिघडतं, ते कसं दिसतं आणि या बदलानं काय होतं, एवढ्या तीन गोष्टी लिहायच्या. बाकीचं खोडलं. मुलीनं पॅच मेलमध्ये चिकटवला, पाठव दाबलं, आणि टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत नाटकवाल्यांचा वाटा मोठा होता, त्यांना स्टेज हवं होतं.

त्यानंतर ती लॅबमध्ये दिसेना. मी वाट बघितली, मग परीक्षेच्या गडबडीत विसरलेच. त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, पासपोर्टच्या फोटोसाठी त्यांच्याच स्टुडिओत गेले. वडील काउंटरवर होते. माझी बट सरळ करायला सांगून त्यांनी फोटो काढला आणि मग हळूच म्हणाले, "मॅडम, पोरीचा अर्ज नामंजूर झाला. मले वाईट वाटून राह्यलं, पण उद्या त्या माणसाले बोलावलं आहे."

मी उत्तर दाखवा म्हटलं. मुलगी आतून आली. रडून झालेलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं मेल उघडली. प्रकल्प सांभाळणाऱ्या माणसाचं उत्तर दोनच ओळींचं होतं, वर प्रिय नाही, खाली आपला नम्र नाही. मेलमध्ये चिकटवल्यामुळे पॅचच्या लांब ओळी मधेच तुटल्या आहेत, त्यामुळे तो बसत नाही, फाईल जोडून पाठवा. आणि तयार पान जिथे ठेवायचं त्या फोल्डरच्या नावाचीही हीच अडचण आहे, तीही बघा.

मला आधी हसू आलं आणि मग तिच्याकडे बघून ते गिळलं. तिचं काय चुकलं होतं? आमच्याकडे अर्जाला दोनच उत्तरं येतात. मंजूर, नाहीतर त्रुटी. त्रुटी म्हणजे उद्या या, आणि उद्या या म्हणजे येऊच नका, हे आईच्या पोटातूनच शिकून आलेली ती पोर होती. ऑफिसात परत जाऊन विचारलं तर साहेब चिडतो, म्हणून तिनं उत्तरही लिहिलं नव्हतं.

"त्यानं नाही म्हटलेलं नाही," मी म्हणाले. "नको असतं तर तो गप्प बसला असता. त्यानं तुझी प्रत्येक ओळ वाचली आहे."

"पण मॅडम, त्यानं चुकाच काढल्या."

"तू दुरुस्त करून दे, मी घेतो, असं म्हणतोय तो. त्यांच्याकडे हे असंच बोलतात."

दुसरी अडचण तिला आजवर दिसलीच नव्हती, कारण स्टुडिओत तयार पान नेहमी 'अल्बम' नावाच्या फोल्डरमध्ये जायचं, आणि त्या नावात जागा नव्हती. तिनं तिथेच बसून मुद्दाम दोन शब्दांचं नाव देऊन बघितलं. एका फोल्डरऐवजी दोन तयार झाले. तिच्या तोंडून नकळत "अरे हां" निघालं, आणि त्या दोन शब्दांनी मला जो आनंद दिला तो वर्षभराच्या पगारानं दिला नव्हता.

वडील गिऱ्हाईक सोडून मागे येऊन उभे राहिले होते. त्यांना अवतरणचिन्हांत रस नव्हता. त्यांनी पोरीला एवढंच विचारलं, "तुले वाटते का, तो घेईल?"

"घेईल," ती म्हणाली. "नाई घेतलं तं काऊन नाई घेतलं ते विचारीन."

असं ती वडिलांशी कधी बोलत असेल असं मला वाटत नाही. त्यांनाही वाटलं नसावं. ते काउंटरवर गेले, फोन उचलला आणि त्या माणसाला सांगितलं की उद्या येऊ नको, पोरीचं काम चालू आहे. किती दिवस, असं तिकडून विचारलं असावं. मले काय मालूम, म्हणाले, आणि फोन ठेवला. माझे फोटो तोवर वाळले होते. त्यात मी नेहमीसारखीच रागीट दिसत होते.

नवा पॅच तिनं फाईल जोडून पाठवला, दोन ओळींच्या मेलसोबत. सोमवारी उत्तर आलं: घेतला, धन्यवाद. बदलांच्या यादीत तिचं नाव लागलं. नवी आवृत्ती यायला पावसाळा उजाडला. तोवर ती हातानं दुरुस्त केलेली स्क्रिप्ट वापरत होती, आणि वडील निमूटपणे.

नवी सीडी बसवायच्या दिवशी तिनं मला बोलावलं. तिनं कुठल्याही फाईलला हात लावला नाही. वडिलांनी स्वतः 'राजुरा लग्न' निवडलं, आणि नवरानवरी, मांडव, जेवणाच्या पंगती अशी लहान लहान चित्रं एकामागून एक स्क्रीनवर भरत गेली. ते पान शेवटपर्यंत खाली घेऊन गेले, मग परत वर आणलं.

"हे आता सगळ्यांकडेच असं चालते?"

"हो अब्बा. ज्याच्याकडे हे आहे त्या सगळ्यांकडे."

"अन् हे तू एकटीनं केलं?"

हो म्हणायला कुणाचीच हरकत नव्हती. मी तर तिच्या तोंडात साखर घालायच्या तयारीत होते. पण ती म्हणाली, "नाई. एक जागा मले दिसली नव्हती, ती त्यानं दाखवली."