लाडू कधी मग?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, शेवटी जमेल की नाही सांगता येत नाही. एका लाडवापायी मी अशी फजिती करून घेतली की विचारू नका!

माझी भाग्यश्री नांदेडला बी.कॉम. झाली. कळमनुरीत ब्लाउज शिवून मान मोडलेल्या बाईनं मिरवू नये तर कुणी? फेसबुकवर टाकायचं ठरवलं. पण हल्लीच्या पोरी! आधी परवानगी घ्यावी लागली.

"टाक आई. पण टक्के लिहू नको. 'आता कलेक्टर होणार' लिहू नको. अन् फोटो मी देईन तोच."

"अन् लग्नाचं?"

"त्याचं नावच काढू नको! दोन वर्षं मी नोकरी करणार. तू अन् बाबांनी कबूल केलंय ना?"

व्हय, केलं होतं. मग लिहिलं: 'आमची भाग्यश्री बी.कॉम. झाली. अभ्यास तिनं केला, आनंद आम्हाला झाला.' तिनं दोनदा वाचलं आणि चक्क माझ्या गळ्यात पडली. इथंच फोन ठेवून द्यायला हवा होता हो!

आता आनंद म्हटला की गोड आलंच. रविवारी वाटायला म्हणून मी बेसन भाजत होते, हात तुपानं माखलेले. तेवढ्यात पोस्टखाली जाऊबाईंची कमेंट आली, "लाडू कधी मग?"

माझ्या डोक्यात कढई! करंगळीनं लिहिलं, "रविवारी! सगळ्यांनी यायचं हं!"

कळलं ना तुम्हाला? मला नाही कळलं! लग्नाच्या वयाच्या पोरीच्या आईला लाडू कशासाठी विचारतात, हे मी विसरले. लाडू वळून फोन बघते तर,

"जावई कुठले?"

"एवढं गुपचूप काहून?"

घाबरून कमेंट उडवली. पण त्या कमेंटचा फोटो तोवर नातेवाइकांच्या ग्रुपवर पोचला होता. मग लिहिलं, "लग्नाचं काही नाही." तर मावससासूबाई विचारतात, "काहून मोडलं?"

बी.कॉम.चं नाव कुणाच्या तोंडी उरलं नाही. भाग्यश्रीच्या मैत्रिणी तिला विचारू लागल्या, आता नोकरी नाही का करणार?

ती चिडली असती तर बरं झालं असतं. "पोस्ट चांगली होती आई," एवढंच म्हणाली आणि नोकरी शोधायला शनिवारच्याच एसटीनं पुण्याला निघून गेली. रविवारी लोक आले, लाडू खाल्ले, तिघांनी तिचा बायोडाटा मागितला. पोरगी काय शिकली, हे एकानंही विचारलं नाही. राग आला, पण बोलावलं होतं मीच ना!

पुढच्या महिन्यात शेजारीण फोन नाचवत आली. "भाग्यश्री तुमच्याबद्दल काय सुंदर लिहून राहिली, बघा तरी!"

नोकरीला लागल्याची पोस्ट होती. आईनं मशीनवर बसून मला शिकवलं, असं लिहिलं होतं. उगाच रडगाणं नाही, मला लाज वाटेल असा एक शब्द नाही. मी डोळे पुसत माझ्या फोनवर शोधू लागले. सापडेचना.

साऱ्या कळमनुरीला दिसत होती. फक्त मला दिसू नये, अशी सोय पोरीनं करून ठेवली होती.