चुलीत जळला तो करार, कलम नाही

कंपनीचा माणूस ओट्यावर उभा होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत मी करार फाडून चुलीत टाकला. करार मोडल्याची नोटीस त्यांनीच आणली होती. कंपनीसाठी आमच्या शेडनेटमध्ये पिकवलेलं मिरचीचं बियाणं भेसळीचं निघालं, क्रॉसिंग नीट झालं नाही, असं तिच्यात लिहिलेलं. क्रॉसिंग माझी बायको करायची. कळी उमलायच्या आत चिमट्यानं तिच्यातला नर, म्हणजे पुंकेसर, काढायचा, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, देठाला लाल दोरा बांधायचा. गावातल्या बाया तिच्याजवळच हे शिकल्या. ती आत बसून सगळं ऐकत होती.

"संपलं तुमचं," मी त्या माणसाला म्हटलं. "आता कोर्टात भेटू."

ती एवढंच बोलली, "माहा हात खोटा नव्हता वो."

त्या सालची दिवाळी पाहायला ती जगली नाही. मला भरपाईची पडली नव्हती. न्यायाधीशानं भरल्या कोर्टात म्हणावं, या बाईचा हात खरा होता, एवढ्यासाठी मी चिखलीला दावा लावला.

कंपनीच्या वकिलानं दाव्याला उत्तर द्यायच्या आधीच अर्ज टाकला. सोबत त्यांच्याजवळची कराराची प्रत. त्यात एक कलम, की भांडण झालं तर ते कोर्टात नाही, लवादापुढं न्यायचं. माझा वकील गावचाच, मला मामा म्हणतो. तो डोकं खाजवत आला.

"मामा, कलम आहे. कोर्टाले आता लवादाकडं पाठवाच लागते."

"करारच जयला ना बे. अन् मोडला तो त्यायनंच."

"करार मोडला तरी भांडन कुठं मिटवाचं हे जे ठरलं, ते येगळं उभं राह्यते. मोडल्यावरच तं ते कामी येते."

"मंग म्या चुलीत काय जायलं?"

"चहा झाला असन त्याच्यावर."

न्यायाधीशांनीही तेच सांगितलं. मी उठून बायकोचं सांगू लागलो, तर म्हणाले, "बाबा, बियाणं खरं की खोटं हे मला इथं पाहता येणार नाही." मला असा राग आला! कोर्टानं पाहायचं नाही, तर मग मी इथं छताचा पंखा पाहायला आलो होतो का?

कलमात लवाद म्हणून कंपनीचाच मॅनेजर लिहिलेला. तो चालत नाही म्हणून वकिलानं नागपूरला हायकोर्टात अर्ज केला. वाटलं, एवढं मोठं कोर्ट, तिथं तरी कोणी ऐकेल. त्यांनी फक्त असं कलम आहे का ते पाहिलं, एक निवृत्त न्यायाधीश लवाद नेमले आणि पुढचं प्रकरण पुकारलं. एसटीत कंबर मोडून घेतली ती एवढ्यासाठी.

लवाद बुलडाण्याला एका भाड्याच्या हॉलमध्ये बसले. मी पहिलंच सांगितलं, "मले हे काही मान्य नाही. करार जयला आहे."

"तुमची हरकतही मीच ऐकणार," ते म्हणाले. ऐकली, आणि निकाल दिला की कलम लागू आहे. मी चपला शोधायला लागलो.

"बसा. आता बियाण्याचं बोला."

इतक्या फिरवाफिरवीत बियाण्याचं बोला असं म्हणणारा हा पहिला माणूस.

कंपनी माल उचलते तेव्हा दोघांच्या सह्यांची नमुन्याची सीलबंद पिशवी शेतकऱ्याकडं राहते. आमची पिशवी बायकोनं ज्वारीच्या कोठीवर जपून ठेवली होती, मी हातही लावला नव्हता. लवादांनी जाणकार माणूस नेमला. त्यानं ते बी लावलं, झाडं वाढवली, एकेक तपासलं. सगळी एकसारखी निघाली. निवाड्यात लिहून आलं, क्रॉसिंगमध्ये दोष नव्हता, भेसळ माल उचलल्यानंतरची.

कंपनी तो निवाडा रद्द करा म्हणत जिल्हा कोर्टात गेली. त्यांचा वकील प्रयोगशाळेचे कागद दाखवू लागला, पुन्हा एकदा पाहा म्हणाला. न्यायाधीश म्हणाले, "हे अपील नाही. पुरावा मला इथं नव्यानं तोलता येणार नाही."

माझ्या वकिलानं मला कोपर मारलं. अर्ज फेटाळला गेला. तरी मी उभा राहिलोच.

"साहेब, मंग तुमीच एकडाव म्हना ना, तिचा हात खरा होता म्हून."

"ते निवाड्यात आहे, बाबा. मी वेगळं काही म्हणण्याचं कारण नाही."

"जितलो ना मामा," वकील बाहेर म्हणाला.

"जितलो. पन बोललं कोन?"

दुसऱ्या दिवशी मी त्याला शेडनेटवर ओढून नेलं. आता ते दुसऱ्याकडं आहे, पण बाया त्याच. त्यांच्यासमोर त्याला निवाड्यातला तो परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावला. एकीनं चिमटा खाली न ठेवताच म्हटलं, "हे तं आमाले मालूमच होतं, काका. त्याच्यासाठी कोर्ट कायले?"

मग तेव्हा काऊन नाही बोललात, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तेव्हा त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, मीही नाही.