क्रेनची शिडी आणि एक चमचा क्रिएटिन

सोमवार, जूनचा पहिला आठवडा. वैशाली नगरचं आमचं घर, दुपारचं जेवण. हजर: मी; नवरा (रेल्वेत नोकरी, आज सुट्टी); सासूबाई (वय विचारायचं नाही). विषय: फळीवरचा क्रिएटिन पावडरचा डबा ठेवायचा की फेकायचा.

"फेकून दे," सासूबाई म्हणाल्या. "त्या पावडरीनं किडनी गेली तं कोनाले सांगशील?"

"आई, गेली नाही अजून," नवरा म्हणाला. "रिपोर्टात नंबर वाढला हाय फक्त."

"नंबर कायले वाढते मंग? हौसेनं?"

माझ्या ताटात अंडं होतं, अर्धं खाल्लेलं. वजनाच्या इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी फोडणीचा वाससुद्धा नकोसा होतो, पण अंडं संपवायचं होतं. त्या वेळी माझ्या हातात तेवढंच होतं.

मी पोलाद कारखान्याच्या मिलमध्ये क्रेन चालवते. क्रेनची केबिन छताजवळ असते आणि तिथे जायला एक लोखंडी शिडी आहे, जवळजवळ सरळ उभी. मागच्या मेडिकलमध्ये प्लान्टच्या डॉक्टरांनी मला वर चढायची परवानगी एका अटीवर दिली: पुढच्या मेडिकलपर्यंत वजन ठरलेल्या आकड्याखाली आणायचं. बीपीही वाढलेलं होतं. चालणं, भात सोडणं, सगळं करून पाहिलं. शेवटी एका फिजिशियननी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. भूक गेली आणि वजन उतरू लागलं. विहारात बाया विचारायच्या, "चेहरा उतरला तुहा, काही झालं का वं?" मी हसून टाळायची.

मग एका सकाळी शिडीच्या मधोमध माझे हात थरथरायला लागले. मांड्यांत जोरच नव्हता. वरचा दांडा धरवेना, खालचा पाय सोडवेना. खाली उभा असलेला फिटर ओरडला, "दीदी, ऊपर जाना है कि नीचे?"

"दोनों नहीं," मी म्हणाले. बराच वेळ तशीच लोखंडाला चिकटून राहिले. मग एकेक पायरी चाचपत खाली आले.

फिजिशियननी सिविक सेंटरमधल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी माझ्या दंडाला हात लावून पाहिला आणि सरळ सांगितलं की वजन भराभर उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. कडक डाएट असो की इंजेक्शन, पोटात कमी गेलं की हे होतंच. उपाय त्यांनी क्रमाने सांगितले. पहिलं, प्रथिनं: ताटातलं बाकी राहिलं तरी चालेल, अंडी, डाळ, सोयाबीन, दही आधी संपवायचं. दुसरं, ताकदीचा व्यायाम. नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत. तिसरं, क्रिएटिन, म्हणजे स्नायूंना जोर देणारी पावडर, रोज एक छोटा सपाट चमचा.

"आणि हे तिसऱ्या क्रमांकाचंच आहे," त्या म्हणाल्या. "पहिली दोन नसतील तर डबा घेऊ नका. इंजेक्शनसोबत याचा किती फायदा होतो, याचे पुरावे अजून थोडेच आहेत. पण व्यायामाला जोड म्हणून ते काम करतं."

आधी रक्त तपासून घेतलं. किडनी चांगली होती. फिजिशियननी हो म्हटलं. आहारतज्ज्ञ बाईंनी आणखी दोन गोष्टी बजावल्या. सुरुवातीला हे स्नायूंमध्ये पाणी धरून ठेवतं, वजन थोडं वाढलेलं दिसेल. आणि क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं, त्यामुळे रक्तातला तो आकडा किडनी ठीक असूनही वर जाऊ शकतो. तपासणी करणाऱ्याला सांगायचं. पाणी भरपूर प्यायचं.

फ्रिजवर यादी लावली. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, रबरी पट्टा ओढणं, तांदळाची पिशवी उचलणं. सासूबाई पाहायच्या आणि म्हणायच्या, "तांदूळ उचलून राहिली, शिजवून तरी टाक." काही आठवड्यांनी मी शिडी न थांबता चढले. वर पोचल्यावर केबिनमध्ये बसून थोडं रडले. मग ब्रेक तपासले आणि काम सुरू केलं.

पण वजनाचा काटा अडकला. बाईंनी सांगितलेलं ते पाणी असावं. वजन ठरलेल्या आकड्याच्या जरा वरच राहिलं. मेडिकल तोंडावर आलं. आमच्या मिलमध्ये याचा जुना इलाज आहे. रिटायरमेंटला आलेले आमचे मोठे ऑपरेटर म्हणाले, "बाई, आदल्या दिवसापासून पानी बंद. किलोभर तं उतरतेच. आमी सारे असेच पास झालो."

सगळे झालेच आहेत. मीही आदल्या दिवशी भट्टीच्या गरम हवेत, वरच्या केबिनमध्ये, पाण्याचा घोटही न घेता शिफ्ट काढली. सकाळी काट्यावर उभी राहिले. आकड्याच्या खाली! मोठे ऑपरेटर दारातून अंगठा दाखवून गेले. पुढच्याच खोलीत रक्त घेतलं.

रिपोर्टात क्रिएटिनिन वाढलेलं, युरियाही वाढलेला.

प्लान्टच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं: इंजेक्शन, पावडर, पाणी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "देखिए, पावडर से भी बढ़ता है, पानी न पीने से भी बढ़ता है," ते म्हणाले. "और किडनी सच में खराब हो रही हो, तब भी. उल्टी से शरीर में पानी कम पड़े तो इस इंजेक्शन पर वो भी हो सकता है. मैं अंदाज़े से आपको ऊपर नहीं भेजूँगा." पावडर बंद, पाणी चालू, काही आठवड्यांनी पुन्हा रक्त. सोबत सिस्टॅटिन सी नावाची किडनीची तपासणी, जी स्नायूंवर किंवा पावडरीवर अवलंबून नसते. तोवर काम जमिनीवर.

ते चुकीचं बोलले असते तर भांडता आलं असतं.

तेव्हापासून मी कोपऱ्यातल्या टेबलावर स्लिपा लिहिते आणि माझी क्रेन डोक्यावरून जाताना पाहते. इंजेक्शन सोडलं तर भूक परत येईल, वजन परत येईल, आणि वजनाच्या अटीवर पुन्हा खाली. इंजेक्शन चालू ठेवलं आणि अंडं गिळलं नाही तर हात पुन्हा थरथरतील, आणि शिडीवरून खाली. पावडर घेतली तर रिपोर्टातला आकडा वर. आहारतज्ज्ञ बाई फोनवर म्हणाल्या, "घाबरू नका, पावडर थांबवल्याने लगेच स्नायू जात नाहीत. व्यायाम सोडू नका." व्यायाम सोडला नाही. पण रोज सकाळी खुर्चीवरून उठताना मांडीत जोर कमी झालाय का, हे आधी तपासते. कधी कमी वाटतो, कधी नाही. हे कुणाला विचारणार?

तर टेबलावर वाद चालू होता. मी अंडं संपवलं.

"डबा फेकायचा नाही," मी म्हणाले. "वापरायचाही नाही. वरच्या फळीवर ठेवायचा."

"मी ठेवून देतो, दे," नवरा उठला.

"तुमी बसा. मी चढते."

स्टुलावर चढले. डबा वर सरकवला आणि तिथेच जरा उभी राहिले. हात थरथरले नाहीत. स्टूल मात्र फार बुटकं होतं, त्यावरून काही ठरत नाही.

खाली उतरले तर ताटाशेजारी पाण्याचा तांब्या होता. सासूबाईंनी ठेवलेला.

"पे," त्या म्हणाल्या. "कोरडं राहून पास होते म्हने. कोनी शिकवलं तुमाले?"

मी प्यायले. त्यांनी तांब्या पुन्हा भरला.

पुन्हा रक्त द्यायचं अजून बाकी आहे.