समोरच्या दुकानाच्या जाहिराती

शेलूबाजारात माझ्या आत्याचं साड्यांचं दुकान आहे. दुकानाच्या फेसबुक पेजच्या जाहिराती मी करते. समोरचा दुकानदार काय विकतो ते बघायला आत्या दर सणाला माझ्या वहिनीला गिऱ्हाईक बनवून पाठवायची.

यंदा मी मोबाइलवर फेसबुकची अ‍ॅड लायब्ररी, म्हणजे कोणत्याही पेजच्या जाहिराती दाखवणारी यादी, उघडली आणि समोरच्या दुकानाच्या पेजचं नाव टाकलं. सध्या चालू असलेल्या त्याच्या सगळ्या जाहिराती, सुरू झाल्याच्या तारखेसकट, दिसल्या.

"हे कोनालेबी दिसते?" आत्याने विचारलं.

"कोनालेबी."

"म्हंजे आपल्याबी त्याले दिसत असतीन. मंग अशी जाहिरात कर, का त्याची सून इथं आली पाहिजे."

आठवड्याभरात त्याची सून गिऱ्हाईक बनून आली. आत्याने ओळख न दाखवता तिला आमच्या जाहिरातीतलीच पैठणी विकली.