कांताबाईंचं झाकण

मनीषनगरात घरगुती चिवडा विकणाऱ्या कांताबाई पावसाळाभर चिडलेल्याच असत. ऊन नाही म्हणून मुरमुरे आणि पातळ पोहे मंद आचेवर भाजायचे, बोटांत चुरून कडक झाल्याची खात्री करायची, पूर्ण गार झाले की लगेच डब्यात कोंबायचे. कोमट भरले तर झाकणाला आतून घाम सुटतो. एवढं करूनही सकाळचा डबा सादळलाच, कारण नवऱ्यानं, प्रेमानंदरावांनी, मूठभर खाऊन तो उघडा टाकला होता.

दुपारी दुसरा घाणा डब्यात भरता भरता कांताबाईंचा पट्टा सुरू झाला. "अजी, किती खेपा सांगू तुम्हाले? हवा लागते त्याले. काहून उघडा टाकता?" सकाळच्या डब्यावरून गाडी सासूबाईंवर गेली, तिथून लग्नातल्या मानपानावर. बाहेर पाऊस, आत अर्धा तास कांताबाई.



"चुकलं माह्यं," प्रेमानंदराव म्हणाले. "पण आता तरी ते झाकण लाव वं. कधीचं तुह्या हातातच हाये."

कांताबाईंनी डब्यातले चार मुरमुरे दाताखाली धरले. आवाज आला नाही. त्यांनी कढई पुन्हा गॅसवर ठेवली.