‘जाहिरात’ हा शब्द कुठे लिहायचा

मी हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते आणि कोथरूडच्या घरी सकाळी डबा करताना त्याचे छोटे व्हिडिओ काढते. ते बघणारे नऊ-दहा हजार लोक आहेत. माहेर नागपूरचं, म्हणून पाटवडीचा रस्सा, भरडा भात असं आमच्याकडचं बरंच काही त्यात असतं. लोक नावं ठेवत ठेवत करून बघतात.

मागच्या वर्षी एका कंपनीनं मला मिक्सर दिला, वर मानधनही दिलं. त्यांच्या वतीनं बोलणाऱ्या एजन्सीच्या मुलीनं सांगितलं, की भागीदारीचा उल्लेख मजकुराच्या अगदी शेवटी, हॅशटॅगांच्या रांगेत टाका; सगळे तसंच करतात. मीही तसंच केलं. त्या रांगेत विसाव्या क्रमांकावर इंग्रजीत ‘कोलॅब’ होतं. मजकुराच्या पहिल्या ओळीनंतर ‘आणखी’ दाबल्याशिवाय पुढचं दिसत नाही, हे मला ठाऊक होतं.

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या ताई वयानं मोठ्या, हिशेब विभागातल्या. त्यांनी तो व्हिडिओ बघून मिक्सर घेतला. मिक्सर चांगलाच निघाला. पण मला तो कंपनीकडून फुकट मिळाला होता, हे त्यांना महिन्याभरानं दुसऱ्याच कुणाकडून कळलं. चांदणी चौकात बस अडकली होती तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “आधी सांगितलं असतंस तरी मी घेतला असता गं. आता मात्र तुझी शेंगदाण्याची चटणीसुद्धा मला जाहिरात वाटते.”

मला राग आला, आणि तो त्यांचा नव्हता, माझा स्वतःचाच होता.

घरी आल्यावर मी जुनी पोस्ट उघडली. पैसे घेऊन केलेल्या पोस्टसाठी अॅपमध्ये जी पट्टी असते ती लावली, मजकुराच्या सुरुवातीला ‘जाहिरात’ लिहिलं. टाकून झालेल्या व्हिडिओवर मात्र आता अक्षरं घालता येत नव्हती. ज्यांना बघायचा होता त्यांचा तो बघून झाला होता.

त्याच एजन्सीकडून पुढचं काम आलं ते जेवण गरम ठेवणाऱ्या डब्याचं. या वेळी आधीच सगळं लिहायचं ठरवलं आणि तिथंच अडले. पहिला मसुदा असा होता: ‘सदर पोस्ट सशुल्क भागीदारीअंतर्गत प्रकाशित करण्यात येत आहे.’ नवऱ्यानं वाचून विचारलं, “सोसायटीच्या फलकावर लावायचंय का हे?” दुसऱ्यात मी इतकी लाडात आले होते, की ‘एका गोड मैत्रीची गोष्ट’ असं काहीतरी लिहिलं. मैत्री कसली, करार होता. चार दिवस मी एका वाक्याशी झगडत होते. रोज माणसांशी ज्या भाषेत बोलते, ती पैशांचा विषय निघाला की कुठं जाते, कळेना.

शेवटी ताईंना बसमध्ये सांगते आहे असं समजून लिहिलं: ‘जाहिरात. हा डबा कंपनीनं दिलाय आणि या व्हिडिओचे पैसेही. तीन आठवडे हिंजवडीला नेला. भाजी दुपारी एकला कोमट असते, वाफाळती नाही. रस्सा सांडला नाही.’ व्हिडिओच्या पहिल्याच दृश्यावर, पाटवड्या कापणाऱ्या हातांच्या वर, ‘जाहिरात’ ठळक घातलं.

मसुदा एजन्सीला पाठवला. त्या मुलीचा फोन आला. ‘जाहिरात’ वाचलं की लोक पुढे जातात, अॅपची पट्टी पुरे, असं तिचं म्हणणं. पट्टी इंग्रजीत, बारीक; माझे बरेचसे प्रेक्षक तिच्याकडे बघतही नाहीत, असं मी सांगितलं. मग ती ‘कोमट’वर आली. कंपनीला तो शब्द नको होता.

“मग ‘गरम’ लिहू का?” मी विचारलं.

“लिहाल तर बरंच होईल.”

“गरम नसते ना पण.”

ती म्हणाली, “मॅडम, मला वरच्यांना काय सांगायचं ते तरी सांगा.” तिलाही या सगळ्याचा कंटाळा आलाय, हे आवाजात कळत होतं. मी म्हटलं, की जाहिरात असल्याचं सांगणं नियमातच आहे, त्यावर बोलणं नको. आणि ‘कोमट’ नको असेल तर पोस्टच नको, डबा परत घेऊन जा. तोंडानं ठाम होते, पण मनात हिशेब चालू होता. असली कामं मला वर्षातून दोन-तीनच मिळतात.

नऊ दिवस काहीच उत्तर नाही. दहाव्या दिवशी फक्त ‘ओके’ आलं.

पोस्ट गेली. नेहमीपेक्षा कमी लोकांनी बघितली. ते ‘जाहिरात’ या शब्दामुळे की पाटवड्या त्या दिवशी वाकड्या झाल्या म्हणून, सांगता येत नाही. एकानं खाली लिहिलं, ‘आता तुम्हीही विकायला बसलात.’ जाहिरात लपवलेल्या मिक्सरच्या पोस्टवर असं कुणीच म्हणालं नव्हतं, हे जास्त झोंबलं. ताईंनी मात्र खाली प्रश्न विचारला: वरणाचं काय, झाकण घट्ट बसतं का? मी सविस्तर उत्तर दिलं. त्यांनी डबा घेतला नाही.

त्या एजन्सीचं पुढे काही काम आलं नाही. मी विचारलंही नाही.